स्टॉक नितळ होत नाहीये: अंड्याच्या पांढऱ्याचा तराफा गाळ धरतो तरी कसा?

रेवा_गंगापूररोड · ९ डिसेंबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी नाशकात महिन्यातून दोन-तीनदा घरीच बारा माणसांचं जेवण ठेवते, आधी सांगून येणाऱ्यांसाठी. येत्या शनिवारी सुरुवातीला काँसोमे द्यायचं ठरवलंय. म्हणजे चिकनचाच स्टॉक, पण असा नितळ की कपाचा तळ दिसावा. काल सराव म्हणून केला आणि पार बिघडला.

काय केलं ते सगळं सांगते. हाडं, पंजे, कांदा, गाजर घालून चार तास मंद आचेवर तीन लिटर स्टॉक काढला. गाळून लगेच पुन्हा गॅसवर ठेवला. सहा अंड्यांचं पांढरं इलेक्ट्रिक बीटरनं फेटलं, केकसाठी फेटतो तसं, टोकं उभी राहीपर्यंत. तो फेस गरम स्टॉकवर सोडला. फेस ढगासारखा वर तरंगत राहिला आणि दहा मिनिटांत त्याचा पांढरा स्पंज झाला. चमच्यानं बाजूला सारून बघितलं तर खाली पाणी तसंच, तांदूळ धुतल्यासारखं. मला वाटलं आच कमी पडतेय, म्हणून गॅस मोठा केला. मग तो स्पंज फुटला, तुकडे सगळीकडे झाले. श्रीखंडाचा चक्का बांधायच्या फडक्याची चौपदरी घडी करून गाळलं, तरी आधीपेक्षा जास्त गढूळ.

सगळीकडे लिहिलेलं असतं की फेसाचा तराफा वर येतो आणि गाळ धरतो. माझा फेस तर भरपूर होता. मग त्यानं धरलं का नाही?

अमोल_सातपूर · ९ डिसेंबर, रात्री ११:३२

ताई, गरम स्टॉकला आधी दोन चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून लावा. मग फेटलेलं अंडं बारीक धारेनं सोडा आणि एकाच दिशेनं ढवळा. मस्त तारा सुटतात. आमच्याकडे थंडीत दर रविवारी असतं.

रेवा_गंगापूररोड · ९ डिसेंबर, रात्री ११:४०

अमोलदादा, ते अंड्याचं सूप झालं. मला सूपमध्ये अंडं राहायलाच नको आहे. अंडं घालून गाळ काढायचा आणि अंडंही काढून टाकायचं.

अमोल_सातपूर · ९ डिसेंबर, रात्री ११:४४

अच्छा, माझ्या लक्षात आलं नाही. वाचतोय.

कॅम्पातला_भटारखाना · १० डिसेंबर, सकाळी ६:०५

देवळाली कॅम्पात मेसच्या भटारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली. मोठ्या जेवणाला हे सूप ठरलेलं असायचं, म्हणून लिहितो.

रेवाताई, तीन गोष्टी सांगा. स्टॉक गॅसवर चढवला तेव्हा त्यावर तेलाचे डोळे होते का? पांढऱ्याबरोबर खिमा घातला होता का, की नुसतंच पांढरं? आणि फेस सोडल्यावर तळापासून ढवळलं का?

रेवा_गंगापूररोड · १० डिसेंबर, सकाळी ८:२०

काका, तेलाचे डोळे होते, वरचे वर जमेल तेवढे काढले. खिमा नव्हता. आणि ढवळलं मुळीच नाही. ढवळलं तर फेस बसेल अशी भीती वाटली.

कॅम्पातला_भटारखाना · १० डिसेंबर, सकाळी ९:१५

मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच सांगण्यात आहे. फेस काही धरत नाही. फेस फक्त वर तरंगवतो. धरतं ते पांढऱ्याचं जाळं, आणि ते जाळं स्टॉकच्या पोटात विणलं गेलं पाहिजे, डोक्यावर नाही.

पांढरं कच्चं असताना गार स्टॉकमध्ये ढवळलं की ते पाण्यात सगळीकडे पसरतं, दिसेनासं होतं. मग स्टॉक हळूहळू तापतो. साठ अंशांच्या पुढे पांढरं धरायला लागतं. ते जिथे जिथे पसरलेलं आहे तिथे तिथे त्याचे धागे एकमेकांना चिकटतात, आणि मध्ये जे काही बारीक अडकलं असेल ते त्या धाग्यांत गुंततं. सगळ्या पातेल्यात एकदम जाळं पडतं. नदीत जाळं टाकून ओढतात तसंच, फक्त इथे जाळं पाण्यातच विणलं जातं आणि खालून येणाऱ्या वाफेच्या बुडबुड्यांनी वर उचललं जातं. वर गोळा झालं की तो तराफा.

तुम्ही घट्ट फेटलंत तेव्हा जाळ्याचा सगळा माल हवेच्या बुडबुड्यांभोवती गुंडाळला गेला. मग तो गरम स्टॉकवर पडला आणि पडल्या जागी शिजला. खालच्या पाण्याची आणि त्याची भेटच झाली नाही. तराफा दिसला खरा, पण रिकामा.

स्फटिक · १० डिसेंबर, सकाळी ११:०२

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. काकांचा अनुभव मोठा आहे, पण मूळ कारण विद्युतभाराचं आहे. गढूळपणा देणाऱ्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तळाला बसत नाहीत. अंड्याची प्रथिनं धन भाराची असल्यानं ती या कणांना ओढून घेतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तेव्हा हेच होतं. उष्णता फक्त वेग वाढवते.

कॅम्पातला_भटारखाना · १० डिसेंबर, सकाळी ११:४०

सर, तुमचा मान ठेवून एक विचारतो. तुरटी गार पाण्यात फिरवली तरी पाणी निवळतं. पांढरं गार स्टॉकमध्ये ढवळून रात्रभर ठेवा, काही निवळत नाही, उलट जास्त गढूळ दिसतं. मी मेसमध्ये बघितलंय, एकदा गॅस संपला म्हणून पातेलं तसंच राहिलं होतं. तापल्याशिवाय जाळं पडत नाही. मग नुसता भार कसा म्हणायचा?

निफाडचं_गुऱ्हाळ · १० डिसेंबर, दुपारी १:२५

हे वाचून आमच्या जुन्या गुऱ्हाळाची आठवण झाली. उसाचा रस काहिलीत तापायला लागला की भेंडीच्या झाडाची ठेचलेली खोडं पाण्यात चोळून त्याचं चिकट पाणी रसात सोडायचे. रस तापला की काळपट हिरवी मळी वर फुगून यायची आणि झाऱ्यानं काढून टाकायची. आजोबा सांगायचे, रसाला खळखळ उकळी फुटायच्या आत मळी काढ. एकदा उकळी फुटली की मळी रसात परत मिसळते आणि गूळ काळा पडतो.

अंड्याचंही असंच दिसतंय. चिकट काहीतरी आधी सगळीकडे मिसळायचं, तापवायचं, आणि उकळी फुटायच्या आत काम उरकायचं.

मनीषा_इंदिरानगर · १० डिसेंबर, दुपारी २:१०

अगदी! आणि साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालतो ना मळी काढायला? दूध फाटतं आणि पाकातला कचरा घेऊन कडेला येतं. सासूबाई गुलाबजामच्या पाकाला नेहमी करतात.

मला मात्र वेगळंच विचारायचंय. सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी तेल-तूप अगदी कमी सांगितलंय. मी त्यांना पायाचं सूप देते, कुकरला आठ-दहा शिट्ट्या काढून. ते पांढरट, दाट दिसतं. वरचं तेल काढते तरी पांढरटपणा जात नाही. तो पांढरटपणा म्हणजे चरबीच का? अंड्यानं ती निघेल का?

कॅम्पातला_भटारखाना · १० डिसेंबर, दुपारी ४:३०

निफाडकर, तुमच्या आजोबांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. मनीषाताई, दुधाचं उदाहरणही बरोबर आहे. तिथेही आधी मिसळतं, मग फाटतं.

तुमच्या पायाच्या सूपाचं: त्या पांढरटपणात चरबीचा मोठा वाटा आहे. शिट्टी होते तेव्हा कुकरमधला दाब एकदम उतरतो आणि आतलं पाणी उसळून उकळतं. त्या उसळीत चरबीचे इतके बारीक थेंब होतात की ते वर येतच नाहीत, पाण्यात तरंगत राहतात. पायात सुटणारा चिकटा त्यांना एकत्र येऊ देत नाही. अंड्याचं जाळं त्यातली बरीच धरेल, पण फार चरबी असली तर तराफा जड, तेलकट होतो आणि फाटतो. तुमच्यासाठी सोपं म्हणजे शिट्टी होऊच द्यायची नाही. पहिली शिट्टी यायच्या बेतात आली की गॅस अगदी बारीक करा, चाळीस मिनिटं ठेवा आणि कुकर आपोआप निवू द्या, शिट्टी उचलून वाफ सोडू नका. मग रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीची पापडी जमलेली असेल, ती अख्खी उचलून टाका. पण सासऱ्यांना किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारा, ते मी सांगणार नाही.

मनीषा_इंदिरानगर · १० डिसेंबर, दुपारी ४:४८

डॉक्टरांना उद्या विचारते. पापडी उचलायचं कधी डोक्यात आलं नव्हतं, मी गरम असतानाच चमच्यानं काढत बसायची.

द्राक्षवेल · १० डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

मी दिंडोरी रोडला एका वायनरीच्या सेलरमध्ये काम करतो. रेड वाईनमध्ये आम्हीही अंड्याचं पांढरं वापरलंय. २२५ लिटरच्या बॅरलला तीन ते सहा अंड्यांचं पांढरं, थोड्या मिठाच्या पाण्यात हलकं कालवून. पण तिथे काही तापवत नाही आणि काही वर येत नाही. सगळं तळाला बसतं. काही दिवसांनी वरची वाईन हळूच काढून घ्यायची. म्हणजे सरांचं भाराचं म्हणणं वाईनला तरी लागू पडतं ना?

आणखी एक. तिथेही फेस येऊ देत नाहीत. फेस झाला की तेवढं पांढरं वाया गेलं असं आमचे वाईनमेकर सांगतात.

स्फटिक · १० डिसेंबर, रात्री ८:५०

द्राक्षवेल, तुमच्यामुळे माझी चूक मला दिसली. वाईन आंबट असते, त्या आम्लतेत अंड्याची प्रथिनं धन भाराची होतात, आणि वाईनमधलं तुरट टॅनिन तर प्रथिनाला सहज चिकटतं. कोरा चहा पिऊन जीभ खरखरीत होते तेव्हा टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना असंच चिकटतं. स्टॉक मात्र जवळजवळ उदासीन असतो. तिथे अंड्याच्या बहुतेक प्रथिनांवर ऋण भारच राहतो, एखाद-दुसरं प्रथिन धन भाराचं. म्हणजे स्टॉकमध्ये ओढून घेणं हे मुख्य काम नाही, काका म्हणतात ते जाळं मुख्य. मी तुरटीवरून घाईनं निष्कर्ष काढला.

पण भार अगदीच बाद नाही. काका, तुम्ही टोमॅटो घालता का?

कॅम्पातला_भटारखाना · १० डिसेंबर, रात्री ९:०५

घालतो. खिम्यात दोन टोमॅटो ठेचून. टोमॅटो नसला तर लिंबाचा अर्धा चमचा रस. का घालायचा ते उस्तादांनी सांगितलं नव्हतं, एवढंच सांगितलं होतं की त्याशिवाय तराफा लेचापेचा होतो.

स्फटिक · १० डिसेंबर, रात्री ९:२०

तेच. आंबटामुळे प्रथिनांवरचा ऋण भार कमी होतो, ती एकमेकांना कमी ढकलतात आणि लवकर, घट्ट धरतात.

रेवा_गंगापूररोड · १० डिसेंबर, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आता डोक्यात स्वच्छ चित्र आलं. काका, शनिवारच्या आधी एकदा परत करून बघते. तीन लिटरला माप आणि क्रम सांगाल का? खिमा कशाला लागतो तेही.

कॅम्पातला_भटारखाना · ११ डिसेंबर, सकाळी ६:२०

खिमा दोन कामांना. एक म्हणजे त्यातलीही प्रथिनं जाळ्याला मदत करतात आणि तराफ्याला अंग येतं. दुसरं महत्त्वाचं. पांढरं गाळ धरताना चवही थोडी ओढून घेतं. नुसत्या पांढऱ्यानं केलेलं सूप नितळ होतं पण फिकं लागतं. खिमा आणि भाजी ती चव परत देतात. म्हणून तराफा वर आल्यावरही पाऊण तास मंद आचेवर ठेवायचं.

तीन लिटर स्टॉक, फ्रीजमधला गार, वरची चरबी पूर्ण काढलेला. सहा अंड्यांचं पांढरं. पाव किलोचे दोन भाग, म्हणजे अर्धा किलो चिकनच्या छातीचा खिमा, कातडी आणि चरबी अजिबात नको. एक कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, सगळं बारीक. टोमॅटो दोन. दहा मिरी, एक तमालपत्र.

पांढरं काट्यानं फक्त मोडायचं, वर जरासे बुडबुडे दिसले की थांबायचं. घट्ट गोळे राहिले तर ते स्टॉकमध्ये पसरत नाहीत, एवढ्यासाठीच फेटायचं. त्यात खिमा, भाजी, टोमॅटो कालवून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग उंच आणि अरुंद पातेल्यात गार स्टॉक, त्यात हे सगळं, आणि मध्यम आच.

आता लक्ष इथे द्यायचं. सपाट लाकडी उलथनं घ्या आणि तळ खरवडत हळू ढवळत राहा. सुरुवातीला पांढरं आणि खिमा तळाला बसतो, तिथे चिकटला की जळतो आणि जळका वास सूपाला लागतो, तो काही केल्या जात नाही. स्टॉक इतका तापला की बोट घातलं तर लगेच काढावंसं वाटेल, तिथे ढवळणं बंद. थर्मामीटर असेल तर पन्नास अंशांच्या थोडं वर. त्यानंतर चमचा लावायचा नाही. जाळं विणलं जात असताना ढवळलं की धागे तुटतात.

त्या वेळी स्टॉक भयंकर दिसतो. राखाडी, त्यात पांढऱ्या चिंध्या. घाबरून काही करू नका. आच कमी करा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं वर येतं.

चवीने_खाणार · ११ डिसेंबर, सकाळी १०:४०

काका, मी थोडं वेगळं करतो. पांढरं चांगलं फेसाळतो, टोकं उभी राहात नाहीत पण मऊ फेस होतो इतकं, आणि त्यातच गरम स्टॉक थोडा थोडा ओतत फेटत राहतो. मला नितळ सूप मिळतं. मग फेस आणि गरम स्टॉक चुकीचा कसा?

कॅम्पातला_भटारखाना · ११ डिसेंबर, सकाळी ११:१०

तुमचं होतं कारण तुम्ही स्टॉक पांढऱ्यात ओतता आणि फेटत राहता. म्हणजे मिसळणं होतं, आणि पहिल्या काही पळ्यांत पांढरं एकदम तापत नाही. रेवाताईंनी उलट केलं होतं. हात बसलेल्यानं तुमच्यासारखं करावं, पहिल्यांदा करणाऱ्यानं गारच घ्यावं. मऊ फेसानं तराफा हलका होऊन लवकर वर येतो असं काही जण म्हणतात. मला तरी फरक दिसला नाही.

चवीने_खाणार · ११ डिसेंबर, सकाळी ११:२२

मला दिसतो. पण मी कधी दोन्ही पातेली शेजारी ठेवून बघितली नाहीत.

आणि अंड्याची टरफलं? आमच्या आत्याच्या जुन्या वहीत धुतलेली टरफलं चुरडून घालायला लिहिलंय.

स्फटिक · ११ डिसेंबर, दुपारी १२:३०

टरफल म्हणजे चुनखडीच. ती टोमॅटोचं आम्ल मारेल. आम्ल मुद्दाम घालायचं आणि टरफलानं ते कमी करायचं, हे मला पटत नाही.

कॅम्पातला_भटारखाना · ११ डिसेंबर, दुपारी १:००

आमचे उस्ताद घालायचे. मी सोडून दिलं, टरफल कितीही धुतलं तरी मन घेत नाही. तराफ्यात फरक पडला असं वाटलं नाही, पण उस्तादांचं सूप माझ्यापेक्षा चांगलं व्हायचं हेही खरं.

रेवा_गंगापूररोड · १२ डिसेंबर, रात्री ८:४५

केलं. अगदी जसं झालं तसं लिहिते.

स्टॉक रात्रभर फ्रीजमध्ये होता, सकाळी चरबीची पापडी काढली. खाली स्टॉक जेलीसारखा थरथरत होता, म्हणून आधी जरासा कोमट करून पातळ केला आणि पुन्हा गार होऊ दिला. मग खिम्याचं मिश्रण घातलं. पातेल्यात बघून अक्षरशः पोटात गोळा आला, इतकं घाण दिसत होतं. उलथन्यानं तळ खरवडत राहिले. बारा-तेरा मिनिटांनी थर्मामीटरवर ५२ आलं, तिथे थांबले.

पुढची दहा मिनिटं काही नाही. मग कडेनं खिम्याचे तुकडे वर यायला लागले, मागोमाग सगळंच. राखाडी-पांढरा जाड थर, वर गाजराचे तुकडे. त्याला एका बाजूला भेग पडली आणि भेगेतून बुडबुडे यायला लागले. मी पळीच्या पाठीनं तिथेच बांगडीएवढं भोक केलं. भोकात बघितलं तर आत सोनेरी! चहा कोरा गाळल्यावर दिसतो तसा. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आच अगदी बारीक, एका वेळी दोन-चार बुडबुडे. मधून मधून भोकातला स्टॉक पळीनं तराफ्याच्या कोरड्या भागावर सोडत होते. पन्नास मिनिटांनी गॅस बंद, दहा मिनिटं तसंच. मग भोकातूनच पळीपळीनं काढून चौपदरी फडक्यातून गाळलं. पातेलं ओतलं नाही. शेवटी तराफा खाली बसायला लागला तेव्हा थांबले, तळाचं पाव लिटरभर वेगळं ठेवलं, ते जरा गढूळ होतं. एकूण स्वच्छ सूप २ लिटर ३०० मिली मिळालं. बारा कपांना पुरेल. वर दोन-तीन तेलाचे ठिपके होते, टिश्यू पेपर नुसता टेकवून उचलले.

आता एक शंका. एका ग्लासात घेऊन अंधारात मोबाईलची टॉर्च मारली. पाण्याच्या ग्लासात किरण दिसत नाही. सूपात फिकट पट्टा दिसतो. म्हणजे अजून गाळ आहे का?

स्फटिक · १२ डिसेंबर, रात्री ९:३०

रेवाताई, आधी मनापासून अभिनंदन. तो फिकट पट्टा बहुधा जिलेटिनचा आहे, हाडांतून सुटलेला. ते इतकं बारीक विरघळलेलं असतं की जाळ्यात अडकत नाही, पण प्रकाश थोडा विखुरतं. आणि ते निघू नयेच, सूपाला ओठांवर जी भरीव चव येते ती त्याचीच. पहिल्या बिघडलेल्या स्टॉकमधून टॉर्च मारली असती तर पट्टा नाही, सगळा ग्लासच उजळला असता.

कॅम्पातला_भटारखाना · १३ डिसेंबर, सकाळी ६:१०

टॉर्च ठेवा बाजूला. आमची परीक्षा अशी: कपात रुपयाचं नाणं टाकायचं, स्वच्छ धुतलेलं, आणि वरून त्यावरचं साल वाचता आलं पाहिजे. वाचता आलं तर वाढा.

तळाचं पाव लिटर वेगळं काढलंत ते फार चांगलं केलंत. शेवटच्या लोभापायी पातेलं तिरकं करणारे सगळं सूप घालवतात.

शाकाहारी_पंचवटी · १३ डिसेंबर, सकाळी ९:००

अंडं न घालता भाज्यांचा स्टॉक नितळ करता येतो का? घरात अंडं चालत नाही. माझ्या स्टॉकमध्ये बटाटा आणि थोडी मूगडाळ असते.

चवीने_खाणार · १३ डिसेंबर, सकाळी १०:१५

येतो, अगरनं. चायना ग्रास म्हणतो तेच. थोड्या स्टॉकमध्ये अगर उकळून बाकीच्यात मिसळायचं, सैलसर जमलं की मोडून फडक्यात टांगायचं. दाबायचं नाही. जाळं इथेही आहे, फक्त ते वर तरंगत नाही, फडक्यात राहतं आणि नितळ पाणी ठिबकतं. पण बटाटा आणि डाळ काढा आधी. पिठूळपणा आला की अंड्याचा तराफासुद्धा नीट काढू शकत नाही, मी करून बघितलंय.

मनीषा_इंदिरानगर · १३ डिसेंबर, दुपारी ३:२०

डॉक्टर म्हणाले, चरबी काढून थोडं थोडं चालेल. काकांनी सांगितलं तसं शिट्टी न होऊ देता केलं. सकाळी जवळजवळ बोटभर जाड पांढरी पापडी निघाली. सूप पूर्ण नितळ नाही, पण खालचा पांढरटपणा निम्म्यानं कमी आहे. अंड्याचा उद्योग पुढच्या आठवड्यात.

रेवा, तराफ्याचं काय केलंस? अर्धा किलो खिमा आहे त्यात.

रेवा_गंगापूररोड · १४ डिसेंबर, रात्री ११:५५

खाऊन बघितला, चव काहीच उरलेली नव्हती. सगळी सूपात गेली. कांदा, हिरवी मिरची आणि बऱ्यापैकी मसाला घालून परतला, तेव्हा पोळीबरोबर खाण्याजोगा झाला.

आजचं जेवण झालं. कप ठेवताना मीठ घालायचं राहिलंय हे ऐन वेळी लक्षात आलं, बारा कपांत वेगवेगळं घालावं लागलं. एका पाहुण्यांनी विचारलं, हे पाणी आहे का. घोट घेतल्यावर ते काही बोलले नाहीत, कप रिकामा केला आणि आणखी आहे का विचारलं. साल मी आधीच वाचून घेतलं होतं, काका. २०११.